मागणीपत्रातल्या सात ओळी

मागच्या वेळी आपण करारनाम्यावर सही करण्याआधी काय वाचायचं ते पाहिलं. आजचा विषय सहीनंतरचा आहे. करारनामा नोंदवून झाला, मुद्रांक शुल्क भरलं, कर्ज मंजूर झालं, इमारत वर चढायला लागली आणि एके दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून ईमेल येतो. विषय असतो, ‘डिमांड लेटर, सहावा स्लॅब’. खाली एक तक्ता, तक्त्याखाली एक मोठा आकडा, आणि आकड्याखाली ठळक अक्षरांत ‘सात दिवसांत भरावे, अन्यथा व्याज आकारले जाईल’.

अशा पत्राला लोक दोनच प्रकारे उत्तर देताना दिसतात. काही जण घाबरून पूर्ण आकडा भरतात. काही जण चिडतात, ‘हे चार्जेस आधी काढा, मग बघू’ म्हणतात आणि एक पैसाही भरत नाहीत. पहिल्यात पैसे जातात हे उघड आहे. पण दुसऱ्यात नुकसान जास्त होतं, कारण तिथे तुमची बाजू बरोबर असूनही कागदावर थकबाकीदार तुम्हीच ठरता. हे कसं होतं आणि कसं टाळायचं, तेवढंच आज बोलू.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोपे केलेत, पण ओळी तशाच आहेत, ज्या पुण्यात किंवा ठाण्यात येणाऱ्या पत्रांत सर्रास दिसतात. फ्लॅटची करारातली किंमत ८० लाख रुपये. करारात हप्त्यांचं वेळापत्रक आहे : करार झाल्यावर एकूण ३० टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ टक्के, आणि पुढे दहा स्लॅब, प्रत्येक स्लॅबला अडीच टक्के, म्हणजे सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्के. आपल्या ग्राहकानं पाच स्लॅबपर्यंतचे पैसे दिलेत. म्हणजे साडेसत्तावन्न टक्के, ४६ लाख. आता सहाव्या स्लॅबचं पत्र आलंय आणि त्यात सात ओळी आहेत.

पहिली ओळ, सहावा स्लॅब, २,००,००० रुपये. दुसरी, त्यावर ५ टक्के जीएसटी, १०,०००. तिसरी, ‘विकास शुल्कातील वाढ’, ६४,०००. चौथी, ‘पायाभूत सुविधा शुल्क’, १,२०,०००. पाचवी, ‘वीज व पाणी जोडणी’, ७५,०००. सहावी, तिसऱ्या ते पाचव्या ओळीवर १८ टक्के जीएसटी, ४६,६२०. आणि सातवी, ‘मागील बाकी’, ४६,०००. एकूण ५,६१,६२०.

आता हातात करारनामा घ्यायचा आणि एकेक ओळ तपासायची. नोंदवलेला करारनामा बरं का, ब्रोशर नाही आणि बुकिंगच्या वेळचा ‘कॉस्ट शीट’ही नाही.

पहिल्या ओळीला एकच प्रश्न विचारायचा : टप्पा खरोखर पूर्ण झालाय का? महाराष्ट्रात २०१७ च्या रेरा नियमांसोबत एक आदर्श करारनामा दिलेला आहे. त्यात पैसे कधी किती मागायचे त्याच्या मर्यादा आहेत. करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यानंतर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५, असं करत लिफ्ट, पंप वगैरे झाल्यावर ९५ आणि उरलेले भोगवटा पत्रानंतर ताबा देताना. प्रत्येक ठिकाणी शब्द आहे तो काम ‘पूर्ण’ झाल्यावर. स्लॅबचं शटरिंग लागलंय, लोखंड बांधून झालंय, म्हणजे स्लॅब पूर्ण झाला असं नाही. मात्र काही करारांत ‘स्लॅबचे काम सुरू झाल्यावर’ असे शब्द घातलेले असतात. तुमच्या करारात काय आहे ते बघा, कारण हप्त्याची तारीख त्या शब्दावर ठरते.

दुसरी गंमत मोजणीची. ‘सहावा स्लॅब’ म्हणजे कुठून सहावा? आदर्श करारनाम्यात स्लॅबच्या टप्प्यात पोडियम आणि स्टिल्टही धरलेले आहेत. त्यामुळे तुम्ही रस्त्यावरून बघता तेव्हा तिसऱ्या मजल्याचं काम चाललेलं दिसतं आणि पत्र सहाव्या स्लॅबचं असतं. यात दर वेळी लबाडी असते असं नाही, दोन पोडियम आणि एक स्टिल्ट असेल तर हिशेब बरोबर बसतो. पण स्लॅब तुमच्याच विंगचा असला पाहिजे. ए विंग वर गेलीय आणि बी विंगवाल्यांनाही पत्रं गेलीत, हेसुद्धा होतं.

तपासायचं कसं? दोन कागद आहेत. एक म्हणजे त्या टप्प्याबद्दलचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र. ते मागणीपत्रासोबत मागायचं. कर्ज असेल तर बँकही सहसा मागतेच. दुसरा कागद लोक विसरतात. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि त्यातून पैसे काढताना आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं लागतात. आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रात प्रत्येक इमारतीचं, प्रत्येक विंगचं काम किती टक्के झालंय त्याचा तक्ता असतो, जोतं, स्लॅब, आतल्या भिंती असा. प्रकल्पाच्या महारेरा पानावर प्रगतीची माहिती दर तिमाहीला भरावी लागते. तिथे ‘स्लॅब : दहापैकी चार’ आणि तुमच्या पत्रात सहावा स्लॅब असेल, तर आधी दोन्हींच्या तारखा बघा. तिमाही जुनी असू शकते. तारखा जुळूनही आकडे जुळत नसतील तर ती विसंगती पत्रात लिहून विचारा. आपल्या उदाहरणात स्लॅब झालाय, प्रमाणपत्र आहे, असं धरू. म्हणजे दोन लाख देणं आहे.

आता दुसरी ओळ, कर. इथे ग्राहकांचाच एक गैरसमज असतो की करारात किंमत लिहिलीय ८० लाख, मग वर जीएसटी कसा? आदर्श करारनाम्यात स्पष्ट म्हटलंय की एकूण किंमत कर सोडून आहे, ताबा देईपर्यंतचे कर वेगळे द्यायचे. तुमच्या करारात ‘सर्व करांसहित’ असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वेगळा जीएसटी मागता येणार नाही. पण बहुतेक करारांत तसं नसतं. दर किती? १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घराला ५ टक्के, आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपला फ्लॅट ८० लाखांचा, तेव्हा ५ टक्के. जमिनीची किंमत वजा करा असं कुणी सांगतं, पण ती वजावट या ५ टक्क्यांत आधीच धरलेली आहे. मूळ दर साडेसात, जमिनीपोटी एक तृतीयांश वजा, म्हणून ५. पुन्हा वजा करायची नाही.

म्हणजे दोन लाखांवर दहा हजार बरोबर आहेत. मात्र मागणीपत्र म्हणजे कराचं बिल नव्हे. जीएसटी घेतला तर टॅक्स इनव्हॉइस मिळालं पाहिजे, ज्यावर जीएसटी क्रमांक असतो आणि केंद्राचे अडीच टक्के, राज्याचे अडीच टक्के असे वेगळे दाखवलेले असतात. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. क्रमांक रद्द झालेला दिसला तर कराची ओळ तिथेच थांबवून खुलासा मागायचा.

आता खरी वादाची जागा, तिसरी ओळ. ‘विकास शुल्कातील वाढ.’ आदर्श करारनाम्यात एक फार उपयोगी कलम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण करारात सगळ्यात कमी वाचलं जाणारं. ते म्हणतं की किंमत वाढणार नाही. अपवाद फक्त एक, महापालिका, शासन किंवा सक्षम प्राधिकरणानं विकास शुल्क वाढवलं किंवा नवीन शुल्क लावलं तर. आणि तेव्हासुद्धा दोन अटी. पहिली, त्या वाढीची अधिसूचना किंवा आदेश मागणीपत्रासोबत जोडायचा. दुसरी, ती वाढ फक्त त्यानंतरच्या हप्त्यांना लागू होईल.

हे कलम हातात असलं की बोलणं सोपं होतं. ‘सिमेंट महागलं, स्टील महागलं’ हे कारण इथे बसत नाही, कारण ती वाढ सरकारनं लावलेली नाही. बिल्डरनं नंतर टीडीआर विकत घेतला, जादा एफएसआयचं प्रीमियम भरलं आणि मजले वाढवले, तर तो त्याच्या व्यवसायाचा खर्च आहे, त्यातून त्याला जास्त फ्लॅट विकायला मिळालेत. करार होण्याआधीच लागू असलेलं शुल्क ‘वाढ’ होऊ शकत नाही, कारण किंमत ठरवताना ते माहीत होतं. आणि खरोखर वाढ झाली असली, तरी आधीच दिलेल्या ४६ लाखांवर ती मागे जाऊन लावता येत नाही. आपल्या पत्रासोबत एकही आदेश जोडलेला नाही. म्हणून ६४ हजारांबद्दल उत्तर एवढंच : आदेशाची प्रत द्या, माझ्या फ्लॅटवर ही रक्कम कशी काढली त्याचा हिशेब द्या, मग बघू. इथे ‘देणार नाही’ म्हणायचं नाही बरं का. कदाचित उद्या खरा आदेश येईल आणि काही रक्कम निघेलही. मागायचा तो पुरावा.

चौथी ओळ, ‘पायाभूत सुविधा शुल्क’. एक लाख वीस हजार. करारात हा शब्दच नाही. विचारलं तर सांगतात, आतले रस्ते, ड्रेनेज, बाग, क्लब हाऊस. पण आदर्श करारनाम्यात किंमत लिहिताना म्हटलेलं असतं की या किमतीत सामाईक जागा आणि सुविधांचा तुमच्या वाट्याचा हिस्सा धरलेला आहे, आणि त्याची रक्कमही तिथेच लिहायची असते. म्हणजे त्याच गोष्टीचे पैसे दुसऱ्यांदा मागितले जातायत. तुमच्या करारात ती जागा उघडा, किमतीच्या खालीच असते. ही रक्कम करारात नाही, तेव्हा ती देणं नाही.

पाचवी ओळ जरा वेगळी आहे, आणि इथे रागाच्या भरात लोक चूक करतात. वीज आणि पाणी जोडणीचे ७५ हजार करारात आहेत! करारनाम्यात एक कलम असतं, ताबा घेताना किंवा त्याआधी ग्राहकानं या या रकमा जमा करायच्या : सोसायटीचं भागभांडवल आणि प्रवेश फी, सोसायटी नोंदणीचा खर्च, देखभालीची अंदाजे रक्कम, वीज-पाणी जोडणीची अनामत, सबस्टेशनची अनामत. प्रत्येकापुढे रुपयांचा आकडा लिहिलेला असतो. निदान असायला हवा. सही करताना तो रिकामा ठेवला असेल तर पुढे वाद होतो. आपल्या करारात ७५ हजार लिहिलेत. तेव्हा ही मागणी खोटी नाही, फक्त आज देय नाही. सहाव्या स्लॅबला मीटरचे पैसे कशाला? इमारतीला अजून भिंती नाहीत. उत्तरात लिहायचं की ही रक्कम करारातील अमुक कलमानुसार ताब्याच्या वेळी देईन. हे कबूल केल्यानं तुमचं पत्र जास्त विश्वासार्ह दिसतं, पुढे कुणासमोर ते ठेवायची वेळ आलीच तर.

सहावी ओळ, १८ टक्के. मूळ रक्कमच देय नसेल तर तिच्यावरचा करही देय नाही, हे पहिलं. दुसरं, परत करायची किंवा ज्या त्या कामाला वापरायची अनामत ही कायद्यानं तेव्हाच मोबदला ठरते, जेव्हा ती मोबदल्यापोटी वळती केली जाते. अनामत घेतानाच तिच्यावर कर लावला असेल तर विचारा की ही अनामत आहे की शुल्क? दोन्ही एकदम असू शकत नाही. आणि तिसरं, विकास शुल्क जर फ्लॅटच्या किमतीचाच भाग म्हणून मागत असाल तर त्यावर फ्लॅटचा दर का नाही? २०२४ मध्ये केंद्राच्या परिपत्रकानं पसंतीच्या जागेच्या शुल्काबद्दल, म्हणजे वरचा मजला, बागेकडची बाजू यासाठीच्या जादा पैशांबद्दल, हेच सांगितलं की बांधकामाच्या मोबदल्याबरोबर ते घेतलं तर ते बांधकाम सेवेचाच भाग आहे. प्रत्येक शुल्काला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, त्यावर वाद आहेत. पण प्रश्न विचारायला तो आधार पुरेसा आहे.

आता सातवी ओळ, ‘मागील बाकी ४६,०००’. हा आकडा बघून काही सुचतं का? आपल्या ग्राहकानं आधी ४६ लाख दिलेत. ४६ हजार म्हणजे बरोबर एक टक्का. हा टीडीएस आहे. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना प्रत्येक हप्त्यातून एक टक्का कापून तो बिल्डरच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो, ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. ग्राहकानं तो भरलाय, पण प्रमाणपत्र डाउनलोड करून बिल्डरच्या अकाउंट्स विभागाला दिलं नाही, म्हणून त्यांच्या खात्यात तेवढी रक्कम कमी दिसते. कधी त्यावर व्याजही चढवलेलं असतं. प्रमाणपत्रं पाठवा, पॅन बरोबर टाकलाय का बघा, आणि खातेउतारा मागून घ्या. यात दोष बिल्डरचा नसतो. टीडीएस भरलाच नसेल तर मात्र तो आजच भरा, कारण त्याचं व्याज आणि विलंब शुल्क तुम्हाला लागतं, बिल्डरला नाही.

तर हिशेब काय झाला? मागणी ५,६१,६२०. आज खरोखर देणं २,००,००० अधिक जीएसटी १०,०००, म्हणजे २,१०,०००. त्यातले २,००० टीडीएस म्हणून सरकारला आणि २,०८,००० बिल्डरला. जीएसटी पूर्ण दोन लाखांवर लागतो आणि टीडीएस कर वगळून दोन लाखांवर काढतात, त्यात गल्लत करू नका.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण नुकसान होतं ते इथे. समजा तुम्ही २,०८,००० आरटीजीएसनं पाठवून दिले आणि गप्प बसलात. पुढच्या महिन्यात उतारा येतो. त्यात तुमचे पैसे आधी ‘पायाभूत सुविधा शुल्का’त जमा केलेत, मग विकास शुल्कात, आणि उरलेले थोडे स्लॅबच्या हप्त्यात. म्हणजे वादातली रक्कम ‘भरली’ गेली आणि निर्विवाद हप्ता थकला! वर हप्त्याच्या थकबाकीवर व्याज.

बिल्डर असं करू शकतो का? करारात एक कलम असतं की ग्राहकानं दिलेले पैसे कोणत्या खात्यात वळते करायचे ते बिल्डर ठरवेल आणि ग्राहक हरकत घेणार नाही. आदर्श करारनाम्यातसुद्धा हे आहे. पण त्यात एक शब्द आहे, पैसे वळते करायचे ते ‘कायदेशीर’ थकबाकीपोटी. करारात नसलेलं शुल्क ही कायदेशीर थकबाकी नाही. आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ५९ वं कलम सांगतं की देणेकऱ्यानं पैसे देताना ते कोणत्या देण्यापोटी आहेत हे स्पष्ट कळवलं आणि घेणाऱ्यानं ते स्वीकारले, तर त्याच देण्यापोटी धरावे लागतात. तुम्ही काही बोललाच नाहीत तर ६० वं कलम येतं, मग निवड घेणाऱ्याची. त्यातही देणं खरोखर देय आणि कायदेशीर असलं पाहिजे. म्हणून गप्प बसून पैसे पाठवायचे नाहीत.

पैसे जायच्या आधी किंवा त्याच दिवशी ईमेल जायला हवा. मजकूर साधा असू द्या. मी वाचतो, लिहून घ्या :

‘आपले अमुक तारखेचे मागणीपत्र मिळाले. नोंदणीकृत करारनाम्यातील वेळापत्रकानुसार सहाव्या स्लॅबचा हप्ता रु. २,००,००० व त्यावरील जीएसटी रु. १०,००० मला मान्य आहे. टीडीएस रु. २,००० वजा करून रु. २,०८,००० आज पाठवले आहेत. ही रक्कम फक्त वरील हप्ता व त्यावरील जीएसटी यापोटीच जमा करावी, अन्य कोणत्याही खात्यात वळती करू नये. विकास शुल्कातील वाढीसंबंधी शासकीय आदेशाची प्रत व हिशेब द्यावा. पायाभूत सुविधा शुल्क करारनाम्यात नाही, ते कोणत्या कलमाखाली मागितले आहे ते कळवावे. वीज-पाणी जोडणीची रक्कम करारनाम्यातील कलमानुसार ताब्याच्या वेळी देय आहे. मागील बाकीसंबंधी टीडीएस प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. कृपया टॅक्स इनव्हॉइस, पावती व दुरुस्त खातेउतारा पाठवावा.’

यात राग नाही, धमकी नाही, रेराचं नावसुद्धा नाही. ईमेल करा आणि तोच कागद स्पीड पोस्टनंही पाठवा, पोच जपून ठेवा. बँकेच्या व्यवहारात शेरा लिहायची जागा असते, तिथेही ‘सहावा स्लॅब + जीएसटी’ लिहा.

आणि हे सगळं मुदतीच्या आत. रेरा कायद्याच्या १९ व्या कलमानं हप्ता वेळेवर देणं हे ग्राहकाचं कर्तव्य आहे आणि उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. व्याजाचा दर दोघांना सारखा. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर अधिक २ टक्के. तेव्हा पत्रात १८ टक्के, २४ टक्के व्याज लिहिलं असेल तर तेही वादातल्या यादीत घाला. पण हप्ता अडवलात, तर त्या योग्य दरानं का होईना, व्याज तुमच्याकडून निघतं, मग तुमची बाकीची हरकत कितीही खरी असो.

प्रश्न घेऊ या.

प्रश्न : माझं कर्ज आहे. मागणीपत्र बिल्डर थेट बँकेला पाठवतो आणि बँक पैसे सोडते. मग मी निवड कशी करणार?

बँकेला तुम्हीच लिहायचं. कर्ज साधारण करारातल्या किमतीवर मंजूर झालेलं असतं, त्यामुळे बँक बाहेरची शुल्कं सहसा देत नाही, ती तुमच्या खिशातूनच मागितली जातात. तरी शाखेला कळवा की या पत्रातील फक्त स्लॅबचा हप्ता सोडावा, आणि कर तुम्ही भरणार असाल तर तेही. दुसरं, बँकेनं पूर्ण दोन लाख सोडले तर टीडीएसचे दोन हजार जास्त जातात आणि ते तुम्हाला खिशातून भरावे लागतात. म्हणून सोडायची रक्कम टीडीएस वजा करून सांगा. आणि पैसे सुटले की ‘फक्त याच हप्त्यापोटी’ हा ईमेल बिल्डरला तुम्हीच पाठवायचा, बँक तो पाठवणार नाही.

प्रश्न : बिल्डरचे लोक म्हणतात, बाकी सगळ्यांनी भरले, तुम्ही नाही भरले तर बुकिंग रद्द करू.

नोंदणीकृत करार झालाय ना? मग ‘बुकिंग’ आता राहिलंच नाही. करार रद्द करायचा तर करारातल्या अटींप्रमाणेच करावा लागतो, हे रेराच्या ११ व्या कलमात आहे. आदर्श करारनाम्यात तीन हप्ते चुकल्यावर, आणि पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, त्या मुदतीतही भरले नाहीत तरच रद्द करता येतो. तुम्ही हप्ते भरताय, म्हणजे चूक एकही नाही. म्हणून तर मघाशी एवढा आग्रह धरला की हप्ता अडवू नका. रद्द केल्याचं पत्र आलंच तर महारेराकडे जाता येतं. तक्रारीची फी पाच हजार आहे. त्याआधी महारेराचा सलोखा मंच आहे, २०१८ पासून चालू आहे. तिथे दोन्ही बाजू बसतात, ग्राहक संघटनांचे लोक असतात. शुल्कांच्या वादाला मला तो रस्ता बरा वाटतो, कारण करारातलं कलम समोर ठेवलं की बोलणं लवकर संपतं. पण बिल्डरनं यायला होकार दिला पाहिजे, ही त्याची मर्यादा. आणि ‘सगळ्यांनी भरले’ हे खरं आहे का ते शेजाऱ्यांना विचारा. बऱ्याचदा प्रत्येकाला हेच सांगितलेलं असतं.

प्रश्न : भोगवटा पत्र आल्यावर जीएसटी नसतो म्हणतात. आमचा शेवटचा पाच टक्क्यांचा हप्ता ओसी नंतर आला, त्यावर कर लावलाय. तो नाकारू का?

नाही, नाकारू नका. सूट आहे ती पूर्ण मोबदला ओसी नंतर किंवा पहिल्या वापरानंतर दिला गेला असेल तर, यातलं जे आधी होईल त्यानंतर. तुम्ही ९५ टक्के आधीच दिलेत, म्हणजे तुमचा व्यवहार बांधकाम चालू असतानाचा. शेवटच्या हप्त्यालाही तोच दर लागेल. तयार फ्लॅट ओसी नंतर घेणाऱ्यालाच ती सूट मिळते.

प्रश्न : पायाभूत सुविधा शुल्क करारात नाही, पण बुकिंगच्या दिवशी मी सही केलेल्या कॉस्ट शीटवर आहे. मग काय?

हा चांगला प्रश्न आहे, आणि तारीख महत्त्वाची आहे. बुकिंग करारनाम्याच्या आधीचं. आदर्श करारनाम्याच्या शेवटी एक कलम असतं की हा करारनामा आणि त्याची परिशिष्टं हाच संपूर्ण करार, आधीची वाटपपत्रं, पत्रव्यवहार, तोंडी-लेखी समजुती सगळ्या यात संपल्या. कॉस्ट शीट त्यात गेली. पण एक बघा, ती कॉस्ट शीट करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडलेली नाही ना? जोडली असेल तर ती कराराचाच भाग आहे, आणि तुम्हाला त्यावर वेगळ्या प्रकारे बोलावं लागेल. पानं उलटून बघा, शेवटची पंधरा-वीस. आणि करारानंतर कुणी ‘फक्त औपचारिकता आहे’ म्हणत इतर शुल्कांच्या स्वतंत्र कागदावर सही मागितली, तर तिथे थांबा. करारात बदल करायचा तर दोघांच्या लेखी संमतीनंच होतो, आणि तो कागद म्हणजे तीच संमती असते.